भिंतीला रंग किती लागेल?

घर रंगवायला काढल्यावर तीन भिंती पुऱ्या व्हाव्यात आणि चौथीच्या मध्यावर डबा संपावा, हा अनुभव पुष्कळांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी माणसापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर दुकानातून आणखी एक डबा आणायचा आणि त्यातील रंगाची छटा आधीच्या छटेशी जुळेल अशी आशा करायची, किंवा उरलेल्या रंगात पाणी घालून तो पुरवायचा. पहिल्या मार्गाने भिंतीवर एक फिकट सीमारेषा दिसण्याचा संभव असतो. दुसऱ्या मार्गाने काय होते ते लगेच दिसत नाही, पण वर्ष-दोन वर्षांत त्याची किंमत मोजावी लागते. ही पाळी येऊ नये म्हणून करावयाचा हिशेब अवघड नाही. भिंतींचे आणि छताचे क्षेत्रफळ काढायचे, त्याला रंगाच्या हातांच्या संख्येने गुणायचे आणि एका लिटरमध्ये एका हाताला जेवढे क्षेत्र रंगते त्या आकड्याने भागायचे. परंतु या तीन आकड्यांपैकी प्रत्येकात एकेक खाचखळगा आहे. विशेषतः तिसऱ्या आकड्याचा, म्हणजे रंगाच्या व्याप्तीचा, खरा अर्थ काय हे नीट समजून घेतले पाहिजे.

व्याप्ती म्हणजे थराची जाडी

एक लिटर म्हणजे एक हजार घन सेंटिमीटर. एवढा रंग दहा चौरस मीटर भिंतीवर सारखा पसरला, तर त्याच्या ओल्या थराची जाडी एक दशांश मिलिमीटर, म्हणजे १०० मायक्रॉन भरेल. तोच लिटर वीस चौरस मीटरवर पसरला, तर जाडी निम्मी होईल. यावरून असे दिसून येईल की, ‘एक लिटर रंग अमुक क्षेत्राला पुरतो’ हे विधान वस्तुतः थराच्या जाडीविषयीचे विधान आहे. रंग कितीही क्षेत्रावर पुरवता येतो. प्रश्न एवढाच की, मागे किती जाडीचा थर राहावा.

ओला थर वाळला की त्यातील पाणी उडून जाते आणि रंगद्रव्ये, पूरके व त्यांना बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्य तेवढे भिंतीवर उरते. या घन भागाचे घनफळ डब्यातील रंगाच्या ३५ टक्के आहे असे समजू या. मग १०० मायक्रॉनांचा ओला थर वाळल्यावर ३५ मायक्रॉनांचा होईल. भिंतीचे संरक्षण करण्याचे, ओल्या फडक्याने पुसले असता टिकून राहण्याचे आणि खालचा डाग झाकण्याचे सारे काम या वाळलेल्या थरालाच करावयाचे असते.

भिंतीवर लावण्यापूर्वी इमल्शन रंगात पाणी मिसळतात. एका लिटरमध्ये चारशे मिलिलिटर पाणी घातले, तर बादलीत एक लिटर चारशे मिलिलिटर मिश्रण होते आणि रंग वाढला असा भास होतो. पण वाढले ते केवळ उडून जाणारे पाणी; घन भाग होता तेवढाच आहे. म्हणून डब्यावर छापलेली व्याप्ती नेहमी पाणी न घातलेल्या रंगाची समजावी आणि हिशेबही डब्यातील लिटरांचाच करावा. पाणी किती घालायचे ते डब्यावर दिलेले असते. ते घालायचे ते रंग सुखाने पसरावा म्हणून, तो पुरावा म्हणून नव्हे.

डब्यावरील आकडा कसा वाचावा

भारतात विकल्या जाणाऱ्या रंगांच्या डब्यांवर व्याप्ती बहुधा चौरस फुटांत दिलेली असते. उदाहरणार्थ, ‘एका लिटरमध्ये १२० ते १४० चौरस फूट’. या आकड्याच्या शेजारी लहान अक्षरांत आणखी काही शब्द असतात आणि खरी मेख तेथेच आहे. घरातील भिंतींच्या इमल्शनच्या बाबतीत हा आकडा पुष्कळदा दोन हातांचा मिळून असतो. म्हणजे एका लिटरमध्ये १२० चौरस फूट भिंत दोनदा रंगते. इतर ठिकाणी, आणि परदेशी बनावटीच्या रंगांवर, आकडा एका हाताचा असतो. दोन हातांचा आकडा एका हाताचा समजून त्याला पुन्हा दोनाने गुणले, तर लागतो त्याच्या दुप्पट रंग घरात येऊन पडतो. उलट, एका हाताचा आकडा दोन हातांचा समजला, तर निम्माच रंग आणला जातो. म्हणून आकडा वाचताना तो एका हाताचा आहे की दोन, आणि कोणत्या प्रकारच्या पृष्ठभागासाठी आहे, हे आधी पाहावे. गुळगुळीत पुट्टी केलेल्या भिंतीसाठी दिलेला आकडा खरबरीत गिलाव्याला लागू पडत नाही. दोन आकड्यांची कक्षा दिली असेल, तर हिशेबासाठी त्यातील लहान आकडा घ्यावा.

मोजपट्टी मीटरची आणि डबा फुटांचा, यामुळेही घोटाळा होतो. एका मीटरमध्ये ३.२८ फूट असतात; पण एका चौरस मीटरमध्ये १०.७६ चौरस फूट असतात. तेव्हा १२० चौरस फूट म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. घाईत १२० ला ३.२८ ने भागणाऱ्या माणसाला उत्तर साडेछत्तीस मिळते आणि साऱ्या खोलीला एकच लिटर पुरेल अशी त्याची समजूत होते.

क्षेत्रफळ मोजताना

आता आपण एक खोली घेऊ. तिची लांबी चार मीटर, रुंदी तीन मीटर आणि उंची तीन मीटर आहे. तिला एक मीटर रुंद व २.१ मीटर उंच असे एक दार आहे आणि १.५ मीटर रुंद व १.२ मीटर उंच अशी एक खिडकी आहे. छताखाली, खोलीच्या रुंदीच्या दिशेने, तीस सेंटिमीटर खाली उतरलेली एक तुळई आहे. भिंतींच्या पायथ्याशी दहा सेंटिमीटर उंचीची फरशीची पट्टी बसवलेली आहे.

चारही भिंतींची मिळून लांबी १४ मीटर. तिला उंचीने गुणले असता ४२ चौरस मीटर होतात. त्यातून दाराचे २.१ आणि खिडकीचे १.८, असे ३.९ चौरस मीटर वजा करायचे. खिडकी भिंतीत पंधरा सेंटिमीटर आत बसवलेली असल्यामुळे तिच्या दोन बाजूंच्या आणि वरच्या कडाही रंगवाव्या लागतात. त्यांचे क्षेत्र सुमारे ०.६ चौरस मीटर भरते, ते मिळवायचे. पायथ्याच्या पट्टीला रंग लागत नाही. दाराची रुंदी सोडून तिची लांबी १३ मीटर, म्हणून तिचे १.३ चौरस मीटर वजा करायचे. अशा रीतीने भिंतींचे रंगवायचे क्षेत्र ३७.४ चौरस मीटर येते.

छताचे क्षेत्रफळ जमिनीइतकेच, म्हणजे १२ चौरस मीटर. तुळईचा खालचा भाग छताचाच अंश झाकतो, त्यामुळे तो निराळा मोजायचा नाही. पण तिच्या दोन उभ्या बाजू नव्याने वाढतात. प्रत्येक बाजू तीन मीटर लांब व तीस सेंटिमीटर उंच, म्हणजे दोन्ही मिळून १.८ चौरस मीटर. तेव्हा छताचे एकूण क्षेत्र १३.८ चौरस मीटर. तुळईची टोके भिंतीला जेथे टेकतात तेथील क्षेत्र इतके लहान आहे की ते सोडून दिले तरी चालते.

जमिनीच्या क्षेत्रफळाला साडेतीनने गुणले की भिंती व छत यांचे मिळून क्षेत्र येते, असा एक ठोकताळा रूढ आहे. आपल्या खोलीला तो लावला तर ४२ चौरस मीटर येतात. प्रत्यक्षात मात्र ५१ आहेत. ठोकताळ्यावर विसंबून राहिल्यास जवळजवळ एक लिटर रंग कमी पडेल. याचे कारण असे की, खोली लहान होत जाते तसे तिच्या जमिनीच्या मानाने भिंतींचे क्षेत्र वाढत जाते. दारे-खिडक्या जमेस न धरता पाहिले, तर याच उंचीच्या सहा मीटर लांब व पाच मीटर रुंद दिवाणखान्यात हे गुणोत्तर ३.२ असते, आपल्या खोलीत ते ४.५ होते आणि दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद अशा सामानाच्या खोलीत ते थेट ८ वर जाते. मोठ्या आणि लहान खोल्यांच्या संपूर्ण घराला हा ठोकताळा एकवेळ चालून जाईल. एका खोलीसाठी मात्र मोजपट्टीच हाती घेतली पाहिजे.

येथे आणखी एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. रंगकामाची मजुरी ठरवताना क्षेत्र मोजण्याची पद्धत निराळी असते. बांधकामाच्या मोजमापाविषयी आय. एस. १२०० हे भारतीय मानक आहे. त्यातील प्रथेनुसार अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीचे क्षेत्र, दोन्ही बाजूंना सारखेच काम असल्यास, एकाच बाजूने वजा करतात आणि त्याच्या मोबदल्यात कडांचे क्षेत्र मोजत नाहीत. कडा रंगवण्याला लागणारा वेळ आणि कसब यांची ही रास्त भरपाई आहे. परंतु ते मजुरीचे माप आहे, रंगाचे नव्हे. कारागिराच्या बिलातील क्षेत्रफळ घेऊन रंग विकत आणला तर तो जास्त होईल, आणि रंगाचे माप दाखवून मजुरी कापली तर कारागिरावर अन्याय होईल.

पहिला हात आणि दुसरा हात

भिंतीचे माप हाती आले. आता व्याप्तीकडे परत वळू. छापलेला आकडा उत्तम भिंतीवरचा असतो. आपली भिंत तशी असेलच असे नाही. कोरडी, सच्छिद्र भिंत पहिल्या हाताच्या रंगातील काही भाग शोषून घेते. दुसरा हात मात्र वाळलेल्या रंगावर बसतो आणि म्हणून अधिक लांबवर पोहोचतो. नव्या गिलाव्यावर किंवा पुट्टीवर आधी प्रायमरचा हात देतात त्याचे एक कारण हेच आहे. स्वस्त प्रायमर भिंतीची तहान भागवतो आणि महाग रंग वरच्यावर राहतो. प्रायमरची व्याप्ती निराळी असते, म्हणून त्याचा हिशेब स्वतंत्र करावा; रंगाच्या हातांत तो मोजू नये.

आपली भिंत किती रंग पिते हे ठरवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे तिलाच विचारणे. प्रथम एक लहान डबा आणावा. त्यातून मापाने अर्धा लिटर रंग काढावा, सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळावे आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात करून तो संपेपर्यंत पहिला हात द्यावा. मग रंगलेले क्षेत्र मोजावे. आपल्या खोलीतील खिडकी नसलेली आखूड भिंत तीन मीटर लांब व तीन मीटर उंच आहे. तिचे नऊ चौरस मीटर जेमतेम रंगून अर्धा लिटर संपला, तर पहिल्या हाताची व्याप्ती लिटरला १८ चौरस मीटर झाली. भिंत वाळल्यावर त्याच रीतीने दुसऱ्या हाताची परीक्षा घ्यावी. ती २४ निघाली असे समजू.

आता भिंतींसाठी लागणारा रंग काढता येईल. पहिल्या हाताला ३७.४ भागिले १८, म्हणजे २.०८ लिटर. दुसऱ्या हाताला ३७.४ भागिले २४, म्हणजे १.५६ लिटर. एकूण ३.६४ लिटर. डब्यावरील १२० चौरस फुटांच्या आकड्याने हिशेब केला असता तर उत्तर ३.३५ आले असते. हा फरक म्हणजे भिंतीने प्यालेला रंग होय.

रोलरमध्ये मुरलेला, ताटलीला व डब्याच्या तळाला चिकटलेला आणि जमिनीवर ठिबकलेला रंग भिंतीवर जात नाही. त्यासाठी भिंतींच्या बाबतीत पाच टक्के आणि वरच्या बाजूला काम करताना अधिक सांडते म्हणून छताच्या बाबतीत दहा टक्के धरू. भिंतींचा आकडा ३.८ लिटर होतो. छताला तेच इमल्शन पांढऱ्या रंगात वापरले आणि तेथील व्याप्तीही तेवढीच असली, तर ०.७७ अधिक ०.५७, म्हणजे १.३४ लिटर लागतील. सांडलवंड धरून दीड लिटरच्या आत. इमल्शनचे डबे साधारणपणे एक, चार, दहा व वीस लिटरांचे मिळतात. तेव्हा भिंतींसाठी चार लिटर आणि छतासाठी एकेक लिटरचे दोन डबे, ही आपल्या खोलीची खरेदी. परीक्षेसाठी आणलेला लहान डबा या मापातच धरायचा आहे; भिंतींचे चार लिटर मग एकेका लिटरच्या डब्यांतून पुरे करावे लागतील. रंगसंगती यंत्रावर तयार करून घेतलेली असेल, तर वेगवेगळ्या डब्यांतील रंग मोठ्या बादलीत एकत्र करून मगच शेवटचा हात सुरू करावा, म्हणजे डब्याडब्यांतील सूक्ष्म फरक भिंतीवर उमटत नाही.

डिस्टेंपर किलोग्रॅमच्या मापाने विकले जाते. त्याची व्याप्तीही दर किलोग्रॅमला दिलेली असते. हिशेबाची रीत तीच राहते. लिटरचा आकडा मात्र त्याला लावू नये.

दोन हात पुरतील का?

आतापर्यंत आपण हातांची संख्या दोन धरली. ती दर वेळी दोनच असते असे नाही. पांढऱ्या व फिकट रंगांत टायटॅनियम डायॉक्साइड हे पांढरे रंगद्रव्य भरपूर असते. ते प्रकाश विखुरते आणि त्यामुळे खालचा पृष्ठभाग दिसेनासा होतो. गडद पिवळा, केशरी वा लाल रंग सिद्ध करताना हे द्रव्य फारसे घालता येत नाही, नाही तर छटा फिकी पडते. परिणामी अशा रंगांची झाकण्याची शक्ती कमी असते आणि ते दोन हातांनंतरही खालची भिंत दाखवतात. गडद निळ्या भिंतीवर फिकट मोतिया रंग देतानाही असाच प्रसंग येतो. आपल्या खोलीत तिसरा हात म्हणजे आणखी १.५६ लिटर, अर्थात चार लिटरांचा डबा अपुरा.

हे आधी कळण्यासाठी परीक्षेच्या भिंतीवर जुन्या रंगाच्या शेजारी पांढरा प्रायमरचा एक पट्टा द्यावा आणि दोन्हींवरून नव्या रंगाचे दोन हात फिरवावेत. रंग पूर्ण वाळल्यावर पट्ट्याची कड दिसत असेल, तर तिसरा हात लागेल किंवा साऱ्या भिंतीला आधी प्रायमर द्यावा लागेल. ओल्या रंगावरून निर्णय करू नये, कारण पुष्कळ इमल्शने ओली असताना वाळल्यानंतरच्या मानाने कमी झाकतात.

रंग ताणला तर

समजा, वरील हिशेब न करता आपण तीनच लिटर रंग आणला. पहिल्या हातात २.०८ लिटर गेले, उरले ०.९२ लिटर. तेवढ्यात पाणी घालून सारी खोली पुरी केली, तर डब्यातील एका लिटरमागे जवळजवळ ४१ चौरस मीटर होतात. २४ चौरस मीटरच्या व्याप्तीला डब्यातील रंगाचा थर ४२ मायक्रॉनांचा पडला असता. तो आता २५ मायक्रॉनांवर येतो. घन भाग ३५ टक्के धरला, तर वाळल्यावर १५ ऐवजी ९ मायक्रॉन. दुसऱ्या हाताचा सुमारे दोन पंचमांश भाग भिंतीवर आलाच नाही.

काम संपले त्या दिवशी समोरून पाहणाऱ्याला हे कळत नाही. अंधार पडल्यावर दिवा भिंतीला समांतर धरून पाहावे. रोलरचे पट्टे, जोडांच्या ठिकाणचे गडद डाग आणि मधले विरळ भाग तिरप्या प्रकाशात स्पष्ट दिसतात. पुढे विजेच्या बटणाभोवतीचे बोटांचे डाग ओल्या फडक्याने पुसू गेल्यास डागाबरोबर रंगही निघू लागतो. पाणी अतिशय झाले म्हणजे घन कणांना बांधणारे द्रव्य पातळ होते आणि थर नीट जुळून येत नाही, म्हणून असे घडते.

कारागिराला कंत्राटाने सामानासह काम दिले असेल, तरी हाच हिशेब उपयोगी पडतो. आपल्या मापाप्रमाणे भिंतींना चार लिटर हवेत. सीलबंद डबे आपल्यासमोर फोडले गेले आणि रिकामे डबे चारच निघाले, तर थर योग्य जाडीचा पडला असे मानायला आधार आहे. अडीच लिटरांत खोली आटोपली असेल, तर ते कौशल्य नव्हे. तेवढा थर भिंतीवर कमी आहे.

काम पुरे झाल्यावर भिंतींच्या डब्यात सुमारे दोनशे मिलिलिटर रंग उरेल. झाकण घट्ट बसवून तो किरकोळ ओरखड्यांसाठी ठेवावा. झाकणावर रंगाचा क्रमांक, तारीख, भिंतींचे ३७.४ चौरस मीटर आणि दोन्ही हातांची व्याप्ती लिहून ठेवावी. पुढच्या खेपेला खोली तीच असेल, आणि हे आकडे पुन्हा मोजावे लागणार नाहीत.